ताईंसाठी ओ निगेटिव्ह: आत्ताची स्थिती (रात्री ८.४०)

दादा, ताईंना ओ निगेटिव्ह रक्त हवंय हा तुमचा मेसेज वाचला आणि आधी तुम्ही दिलेल्या नंबरवर फोन केला. वहिनींशी बोललो, गरज खरी आहे. ताईंचं सिझेरियन झालंय, हिमोग्लोबिन ६.२ आहे, २ पिशव्या हव्यात.

ई-रक्तकोश (eraktkosh) या रक्तसाठा दाखवणाऱ्या सरकारी साइटवर सातारा जिल्हा टाकून ओ निगेटिव्ह शोधलं. तिथली नोंद जुनी असू शकते, म्हणून दिसलेल्या तिन्ही रक्तपेढ्यांना फोन लावला. सिव्हिलजवळच्या पेढीत १ पिशवी आहे, ती रात्री दहापर्यंत राखून ठेवतो म्हणाले. डॉक्टरांच्या सहीचा मागणी अर्ज आणि ताईंच्या रक्ताचा नमुना घेऊन कुणीतरी लगेच निघा. नमुन्याच्या बाटलीवर नाव आणि नोंदणी क्रमांक अर्जातल्यासारखाच हवा. मागच्या वर्षी एवढ्या एका चुकीपायी आमच्या काकांचा नमुना परत पाठवला होता, दोन तास वाया गेले.

दुसऱ्या पिशवीसाठी मी येतोय. माझा ओ निगेटिव्ह आहे, शेवटचं रक्तदान पाच महिन्यांपूर्वीचं. पण ताज्या रक्ताची एचआयव्ही, कावीळ वगैरे तपासणी होईपर्यंत काही तास जातात, तेव्हा तयार पिशवी आधी आणा.

आणि कुणी फोन करून ‘आधी पैसे पाठवा, डोनर पाठवतो’ म्हणालं तर एक रुपयाही देऊ नका. रक्त विकायला कायद्याने बंदी आहे. प्रक्रिया शुल्क रक्तपेढीतच पावती घेऊन भरायचं.

बाकीच्यांनी मेसेज पुढे पाठवताना आजची तारीख आणि वेळ टाका. मी पावणेदहापर्यंत पोहोचतो, ताईंना सांगा.