संशोधन नैतिकता समितीकडे मान्यतेसाठी अर्ज

दिनांक : १२ जानेवारी २०२६
स्थळ : नाशिक

प्रति,
मा. सदस्य सचिव,
संशोधन नैतिकता समिती

विषय : एम.ए. समाजशास्त्र द्वितीय वर्षाच्या लघुप्रबंधासाठी सर्वेक्षणास मान्यता मिळणेबाबत.

महोदय,

नाशिकमध्ये कॉट बेसिसवर किंवा खोली घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्यांची जेवणे किती वेळा आणि कशामुळे चुकतात, हा माझ्या लघुप्रबंधाचा विषय आहे. सुरगाणा, पेठ, कळवण, निफाड अशा तालुक्यांतून मुले शिकायला येतात आणि कॉलेज रोड, गंगापूर रोड, पंचवटी या भागांत राहतात. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते. महिनाअखेरीस घरून आलेले पैसे संपत आलेले असतात. अशा वेळी वडापाववर भागवणे किंवा नुसते पाणी पिऊन झोपणे हे सगळ्यांच्या बघण्यातले आहे, पण त्याची कुठे नोंद होत नाही.

१८ वर्षे पूर्ण झालेल्या ६० विद्यार्थ्यांकडून २ ते २० फेब्रुवारी या काळात २२ प्रश्नांची छापील प्रश्नावली भरून घेईन. त्याला साधारण १५ मिनिटे लागतात. माझ्या विभागातील विद्यार्थी यात नसतील. वर्गात शिक्षकांसमोर प्रश्नावली वाटणार नाही, कारण तिथे नाही म्हणणे अवघड जाते. मेसमध्येही नाही, कारण शेजारच्या ताटावरचा माणूस कागदात डोकावतो. ग्रंथालयाशेजारच्या रिकाम्या खोलीची परवानगी घेतली आहे. सहभागाबद्दल मोबदला दिला जाणार नाही.

संमती : लेखी सहीऐवजी तोंडी संमतीची परवानगी मिळावी, ही माझी विशेष विनंती आहे. या अभ्यासात नाव कुठेच लिहून घ्यायचे नाही. सही घेतली, तर 'या मुलाने भाग घेतला' असे सांगणारा तेवढा एकच कागद तयार होईल. त्याऐवजी पुढील मजकूर मी प्रत्येकाला वाचून दाखवीन. होकार मिळाल्यावर प्रश्नावलीच्या माथ्यावरील चौकटीत विद्यार्थी स्वतः खूण करील.

"नमस्कार. मी एम.ए. समाजशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बाहेरगावाहून येऊन राहणाऱ्यांच्या जेवणाविषयी प्रबंध लिहिते आहे. काही प्रश्न पैशांच्या अडचणीविषयी आहेत. नको वाटेल तो प्रश्न सोडा, मध्येच उठून गेलात तरी चालेल, कारण विचारणार नाही. नाव, मोबाईल नंबर, मेसचे नाव लिहू नका. कागद पेटीत टाकल्यावर मात्र तुमचा कोणता हे मलाही ओळखता येणार नाही, त्यामुळे तो परत काढून देता येणार नाही. माझा आणि मार्गदर्शकांचा नंबर या माहितीपत्रावर आहे, ते तुमच्याकडेच ठेवा. भरायची तयारी आहे का?"

जोखीम : शारीरिक जोखीम नाही, पण लाज वाटण्याची शक्यता मी किरकोळ मानत नाही. भाषा तपासण्यासाठी दोन मैत्रिणींना कच्चा मसुदा वाचायला दिला होता. उत्तरे घेतली नव्हती. "तुमच्याकडे जेवायला पैसे नसतात का?" या प्रश्नापाशी एक जण पेनाचे टोपण लावत-काढत बसली. आता तो प्रश्न "गेल्या सात दिवसांत कोणत्या वेळचे जेवण झाले नाही?" असा केला आहे आणि पैसे हे कारण सहा पर्यायांपैकी एक आहे. जात विचारलेली नाही, कारण या प्रश्नासाठी तिची गरज नाही.

दुसरी जोखीम ओळख पटण्याची. 'सुरगाणा, मुलगी, तिसरे वर्ष, विज्ञान' एवढे एकत्र आले तर नावाची गरजच उरत नाही. म्हणून तालुक्याऐवजी 'नाशिक जिल्हा' किंवा 'जिल्ह्याबाहेर' एवढेच विचारले आहे. ज्या गटात पाचपेक्षा कमी विद्यार्थी असतील, तो गट प्रबंधात वेगळा दाखवणार नाही.

माहितीपत्राच्या मागे डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना, पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, कमवा व शिका योजना आणि टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक छापला आहे. हे पत्र सर्वांना सारखेच मिळेल. फक्त अडचण सांगणाऱ्याला दिले, तर ते हातात घेणे म्हणजेच कबुली ठरेल.

माहितीची साठवण : भरलेल्या प्रश्नावल्या विभागाच्या कुलूपबंद कपाटात राहतील, किल्ली मार्गदर्शकांकडे असेल. नोंदी पासवर्ड घातलेल्या एका एक्सेल फाईलमध्ये, विभागाच्या संगणकावर करीन. फाईल फक्त मार्गदर्शक आणि मी उघडू शकू. मोबाईलवर फोटो काढणे किंवा व्हॉट्सॲपवर पाठवणे होणार नाही. गुगल फॉर्म वापरलेला नाही. निकालानंतर एक वर्षाने मार्गदर्शकांसमोर कागद फाडून नष्ट करीन, फाईलही कायमची पुसली जाईल आणि तसे समितीला लेखी कळवीन.

प्रश्नावलीत पुढे बदल करावा लागला, तर समितीची मान्यता घेतल्याशिवाय तो वापरणार नाही. मान्यता मिळेपर्यंत एकही प्रश्नावली भरून घेणार नाही.

आपली विश्वासू,
संशोधक विद्यार्थिनी, एम.ए. समाजशास्त्र, द्वितीय वर्ष

सोबत : प्रश्नावली, माहितीपत्र, मार्गदर्शकांचे शिफारसपत्र, खोली वापरण्याची परवानगी.