मोडी कार्यशाळेबद्दल: इंदूरहून अभिप्राय

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

शनिवार-रविवारची कार्यशाळा होऊन आठ दिवस झाले. निघताना आपण म्हणालात, "गोड-गोड लिहू नका, पुढच्या वेळी उपयोगी पडेल असं लिहा." बत्तीस जणांपैकी सत्तावीस जणांनी चिठ्ठ्या भरून दिल्या. त्या मी दोनदा वाचल्या, काही जणांशी फोनवर बोलले आणि मग लिहायला बसले.

विषयावरचं आपलं प्रभुत्व सगळ्यांच्याच मनात ठसलं. मोडीत आधी ओळभर शिरोरेघ ओढतात, अक्षरं तिला खालून लटकतात आणि हात शक्यतो उचलायचा नाही, हे कळल्यावर समोरचं कागदावरचं जाळं पहिल्यांदा अर्थाचं वाटू लागलं, असं चार-पाच जणांनी लिहिलं आहे. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद मोडीत पाळत नाहीत, शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, 'र' शेजारचं अक्षर पाहून रूप बदलतो, या तिन्ही गोष्टी आपण नुसत्या न सांगता त्यामुळे वाचताना नेमकी कुठे ठेच लागते ते दाखवलंत. मला स्वतःला सगळ्यात मोलाचं वाटलं ते हेच.

माझं मुख्य म्हणणं वेळेबद्दल आहे. शनिवारी सकाळचं सत्र लिपीच्या इतिहासाचं होतं. हेमाडपंतांना मोडीचं श्रेय देणारी परंपरा, त्यावरची मतमतांतरं, निरनिराळ्या काळांतली वळणं, हे सगळं रंजक होतं. पण दीड तासाचं सत्र अडीच तास चाललं आणि पहिलं अक्षर आमच्या वहीत उमटलं ते जेवणानंतर, पावणेतीनला. तिथून पुढे सगळंच मागे सरकत गेलं. रविवारी प्रत्यक्ष कागद हातात आले तेव्हा साडेतीन वाजून गेले होते आणि पाचला समारोप. लोक आले होते कागद वाचायला, सर. इतिहास पाऊण तासात आटोपून उरलेला भाग रविवारी जेवणानंतर, डोळे जड होतात तेव्हा, गोष्टीसारखा सांगितला असता तर दोन्ही साधलं असतं.

जुन्या कागदांवरचं साल ज्यात लिहिलेलं असतं त्या शुहूर सनाचा भागही फार वेगात गेला. आकड्यांचे अरबी शब्द आपण तोंडी सांगितलेत. बहुतेकांच्या वहीत 'सबा' आणि 'सबैन' एकमेकांत मिसळले आहेत, म्हणजे सात आणि सत्तर. 'इसन्ने सबैन मया व अलफ' म्हणजे ११७२, त्यात ५९९ मिळवले की १७७१, इथवर सगळे आले. मग एकाने विचारलं, "कधी ५९९ आणि कधी ६०० का?" आपण म्हणालात, "वर्ष मृगाला बदलतं ना!" आपल्याला ते उघड आहे. आम्हाला मात्र सन मृगाला सुरू होतो आणि इसवी सन मध्येच जानेवारीत पालटतो, म्हणून जानेवारीपासून मृगापर्यंत ६०० धरायचे, हे फळ्यावर एक रेघ ओढून दाखवायला हवं होतं. आकड्यांचा एक छापील तक्ता हातात असता तर वीस मिनिटं वाचली असती. तो छापून घ्यायचं काम आमचं. आपण फक्त मजकूर पाठवा.

उदाहरणांबद्दल थोडं मोकळेपणाने लिहिते. नमुन्याचे नऊच्या नऊ कागद पुणे प्रांतातले होते. मोडी वाचताना अर्धं काम अंदाजाचं असतं, हे आपणच सांगितलंत. पण सुपे नि खेडची गावं आमच्या मुलांच्या कानावरून गेलेली नाहीत, मग अंदाज बांधायचा कशावर? तिथे महेश्वर, देपालपूर, सांवेर असतं तर दोन अक्षरं लागताच पुढचं नाव त्यांनी आपणहून ओरडून सांगितलं असतं. तो ११७२ सालचा कागद वाचताना त्याच वर्षी महेश्वरी अहिल्याबाईंचा कारभार चालू होता, एवढं एक वाक्य आलं असतं तरी राजवाड्यावरून रोज जाणाऱ्या आमच्या लोकांना तो कागद आपला वाटला असता.

आणि एक गंमत आपल्याही ध्यानात आली असेल. घरी मराठी आणि शाळेत हिंदी अशी वाढलेली आमची मुलं 'मशारनिल्हे'ला अडली, पण 'बरहुकूम', 'दस्तऐवज', 'रुजू' हे शब्द मोठ्यांच्या आधी त्यांनी ओळखले. हिंदीची ही शिदोरी त्यांच्याजवळ आहे, तिचा वापर जरूर करा. सुरुवातीला "महाराष्ट्राबाहेर राहून मराठी कच्ची राहते" असं आपण म्हणालात, ते काही मुलींना लागलं. आपला हेतू तसा नव्हता हे मला माहीत आहे, म्हणूनच कळवते आहे.

'ध'चा 'मा' मात्र सगळ्यांच्या चिठ्ठीत आहे. १७७३ सालच्या नारायणरावांच्या खुनाची ती आख्यायिका आख्यायिका म्हणूनच सांगितलीत आणि लगेच प्रत्येकाला 'धरावे' लिहून त्याचं 'मारावे' करून बघायला लावलंत. बत्तीस माणसं एकाच वेळी माना खाली घालून लिहिताहेत, हे दृश्य दोन दिवसांत तेवढ्या वेळीच दिसलं. तसंच रविवारी सकाळी आपण बोरू घेऊन टेबलाशी बसलात आणि सगळे भोवती गोळा झाले, तेही. फळ्यावरच्या मार्करने हात कुठे वळतो ते कळत नाही, मागच्या दोन रांगांना तर पडद्यावरची अक्षरंही दिसत नव्हती. पुढच्या वेळी आपल्या हातावर मोबाइलचा कॅमेरा लावून ते पडद्यावर दाखवण्याची सोय आम्ही करू.

चुका सांगण्याबाबत एक विनंती. तिसऱ्या रांगेतल्या काकूंनी एक ओळ चुकीची वाचली तेव्हा आपण म्हणालात, "हे पहिल्याच तासाला झालंय." त्यानंतर त्यांनी हात वर केला नाही. त्यांच्या चिठ्ठीत तक्रार नाही, फक्त "मला जमणार नाही बहुधा" एवढंच लिहिलं आहे. मला ते वाचून फार वाईट वाटलं, कारण घरी सराव करून येणाऱ्या दोघा-तिघांत त्या होत्या. याउलट, एका मुलाने आपलं वाचन दुरुस्त केलं तेव्हा आपण ते तिथल्या तिथे मान्य केलंत आणि त्याला उठून ती ओळ पुन्हा वाचायला सांगितलीत. दिवसभर तो मुलगा फुलून आला होता. काकूंनाही तसंच मिळायला हवं होतं.

शेवटचं, रामबागेतल्या आजोबांबद्दल. दोन्ही दिवस ते मांडीवर कापडी बस्ता घेऊन बसले होते. त्यात त्यांच्या पणजोबांचे कागद आहेत, ते कुणीतरी वाचून दाखवावेत एवढ्यासाठी ते आले होते. वेळ संपला आणि बस्ता न सोडताच ते घरी गेले. यात चूक आमचीही आहे, कोण काय घेऊन येणार हे आधी विचारून आपल्याला कळवायला हवं होतं. परवा मी त्यांच्याकडे गेले, चार कागदांचे फोटो घेतले. त्यांच्या परवानगीने सोबत पाठवते आहे. पहिल्या कागदाच्या माथ्यावरचा 'राा' म्हणजे 'राजश्री', एवढं मला लागलं, तेव्हा आजोबांनी दोनदा बोट ठेवून ते बघितलं.

दुसरी कार्यशाळा घ्यावी असं सत्तावीसपैकी चोवीस जणांनी लिहिलं आहे. दोन सलग दिवसांऐवजी दोन रविवार, मध्ये आठवड्याचा सराव, आणि दुसरा रविवार पूर्ण घरच्या कागदांसाठी, असा आमचा विचार आहे. दिवाळीनंतरच्या तारखा आपल्या सोयीने कळवा. हे चार कागद त्याआधी वाचून झाले तर आजोबांना मी स्वतः जाऊन सांगेन.

आपली नम्र,
कार्यशाळेची संयोजिका, इंदूर