पद्धती (सुधारित मसुदा): वन आणि पडीक शेतांतील जमिनीवरच्या मुंग्या

स्थळे. तीन वनस्थळे (व) आणि किमान दहा वर्षे नांगर न लागलेली तीन पडीक शेते (प) निवडली. कोणत्याही दोन स्थळांत किमान ८८० मी. अंतर होते. स्थाननोंद गार्मिन जीपीएसमॅप ६४एसने, पाच मिनिटांची सरासरी घेऊन केली (डब्ल्यूजीएस ८४). निर्देशांक सापळारांगेच्या पहिल्या सापळ्याचे आहेत, स्थळाच्या मध्याचे नाहीत.

| स्थळ | अक्षांश (उ.) | रेखांश (पू.) |
|---|---|---|
| व१ | १७.९४१२ | ७३.८१२७ |
| व२ | १७.९४३१ | ७३.८२६३ |
| व३ | १७.९३५२ | ७३.८३०१ |
| प१ | १७.९४७८ | ७३.८१९५ |
| प२ | १७.९३६५ | ७३.८२१४ |
| प३ | १७.९२८७ | ७३.८२४० |

सापळे. प्रत्येक स्थळी खऱ्या उत्तरेच्या दिशेने ९० मी. रांगेत, दर १० मी.वर एक, असे दहा गर्तसापळे पुरले. रांग अधिवासाच्या कडेपासून ५० मी.हून आत होती. सापळा म्हणजे ७ सेंमी व्यासाचा, १० सेंमी खोल प्लास्टिकचा पेला. त्यात ८० मिली द्रव: प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि पाणी समप्रमाणात, वर बिनवासाच्या साबणद्रवाचा एक थेंब. साबण नसेल तर पृष्ठताणामुळे लहान मुंग्या तरंगतात आणि निसटतात. पेल्याची कड मातीच्या पातळीत किंवा २ मिमी खाली ठेवली. ती वर राहिली तर मुंग्या वळसा घालून जातात. ३ सेंमी उंचीवर १५ × १५ सेंमीचे पारदर्शक छप्पर होते. माती उकरल्याने मुंग्यांची वर्दळ काही दिवस वाढते, म्हणून सापळे उघडण्यापूर्वी सात दिवस झाकण लावून ठेवले.

तारखा आणि श्रम. २०२३ मध्ये तीन फेऱ्या झाल्या: ४–९ मार्च, १०–१५ जून, १४–१९ ऑक्टोबर. सर्व स्थळांवरचे सापळे पहिल्या तारखेला सकाळी ७ ते ११ दरम्यान उघडले आणि शेवटच्या तारखेला त्याच क्रमाने बंद केले, म्हणजे प्रत्येकी पाच दिवस. आधीच्या मसुद्यातला ९०० सापळादिवस हा आकडा नियोजनाचा होता. जूनमध्ये प१चे सहा आणि प३चे पाच सापळे पाण्याखाली गेले, ऑक्टोबरमध्ये व२चे तीन जनावरांनी उकरले. हे १४ पूर्णपणे वगळले. उरले १६६ नमुने, म्हणजे ८३० सापळादिवस.

तापमान. प्रत्येक स्थळी एक ऑनसेट होबो एमएक्स२२०१, जमिनीपासून ५ सेंमीवर, पांढऱ्या आडोशाखाली. नोंद दर ३० मिनिटांनी. प्रत्येक फेरीआधी आणि नंतर बर्फाच्या पाण्यात तपासणी केली.

ओळख. नमुने ८० टक्के इथेनॉलमध्ये ठेवून १०–४० पट दुर्बिणीखाली प्रजाती किंवा रूपप्रजातीपर्यंत ओळखले. यादृच्छिक १७ नमुने दुसऱ्या निरीक्षकाने आधीची ओळख न पाहता पुन्हा तपासले.

विश्लेषण. वारुळाशेजारच्या एकाच सापळ्यात शेकडो मुंग्या येतात, म्हणून संख्येऐवजी सापळ्यातील हजेरी-गैरहजेरी घेतली. सर्वांत कमी सापळे प१च्या जून फेरीत उरले (चार), म्हणून प्रत्येक स्थळ-फेरीची प्रजातीसंख्या चार सापळ्यांवर आणून तुलना केली (आर ४.३.१, व्हेगन २.६-४):

```r
sa <- specaccum(x, method = "exact")
sa$richness[4]
```

`x` मधली प्रत्येक ओळ एक सापळा आहे. एकही मुंगी न सापडलेल्या सापळ्यांच्या शून्य-ओळी `x` मध्ये ठेवल्या आहेत. त्या काढल्या तर प्रजातीसंख्या फुगते.