चटणी-भाकरी प्रवास डबा: दोन घरांचा एक डबा

नमस्कार मंडळी,

साखर पेठेतलं चटणीघर आणि जोडभावी पेठेतलं भाकरीघर मिळून येत्या रविवारपासून, म्हणजे 11 जानेवारीपासून, एक नवा डबा देत आहोत. डब्यात 12 कडक भाकरी आणि 200 ग्रॅम शेंगा चटणी. किंमत 240 रुपये. गड्ड्याच्या यात्रेला आलेल्या पाहुण्यांना परत जाताना द्यायला, पुण्या-मुंबईला शिकणाऱ्या मुलांना पाठवायला हा डबा बांधलाय.

यात कोणाचं काय, ते आधी सांगतो. भाकरी पूर्णपणे भाकरीघराची. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी, दळल्यापासून आठ दिवसांच्या आतलं पीठ, उकळत्या पाण्यात मळलेलं. पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, भाकरी थापताना कडेला चिरते आणि कडक झाल्यावर तिथूनच मोडते. म्हणून पीठ साठवून ठेवत नाही. भाकरी पातळ थापून, भाजून, मग मंद आचेवर फडक्याने दाबत पूर्ण कोरडी करतात. मध्यभागी जराही ओल राहिली तर आठवड्यात वास येतो.

चटणी पूर्णपणे चटणीघराची. 1 किलो भाजलेल्या दाण्यांना 100 ग्रॅम तिखट, 80 ग्रॅम लसूण, 20 ग्रॅम जिरे आणि चवीपुरतं मीठ, हे प्रमाण त्यांचं. लसूण सोलून पसरून ठेवतात, मग कोरड्या तव्यावर परततात. चटणी लवकर बिघडते ती ओल्या लसणामुळे. कांडण उखळातच होतं. मिक्सरमध्ये दाणे तापून त्यांचा गोळा होतो. उखळात तेल हळूहळू सुटतं आणि चटणी रवाळ राहते. वरून तेल घातलेलं नाही, त्यामुळे पाकिटात तेल दिसलं तर ते दाण्यांचंच.

दोन्ही एकत्र देण्याची कल्पना भाकरीघराची. पण चटणी वेगळ्या सीलबंद पाकिटात हवी, हे चटणीघराने सुचवलं आणि त्यामुळेच डबा टिकतो. उघड्या चटणीचं तेल आणि लसणाचा वास भाकरी ओढून घेते, मग तिचा कडकपणा जातो. चटणी कांडणाऱ्या तिघी आणि भाकऱ्या थापणाऱ्या दोघी यांच्या हातांशिवाय यातलं काहीच झालं नसतं. त्यांची मजुरी ठरल्या दिवशी मिळते, डबा विकला जाण्याची वाट पाहत नाही.

पैशांचंही उघड सांगतो, कारण विचारणा होणारच. 240 पैकी भाकरीचे 120, चटणीचे 80, खोका आणि लेबलचे 20. उरलेले 20 निम्मे-निम्मे. निम्मी वाटणी फक्त नफ्याची. बाकी ज्याचा माल, त्याचा भाव. सुटी भाकरी 10 रुपये नग आणि चटणी 400 रुपये किलो, पूर्वीसारखीच ज्या-त्या घरी मिळेल.

लेबलवर दोन्ही घरांची नावं एकाच आकाराच्या अक्षरांत आहेत, दोघांचेही अन्न परवाना नोंदणी क्रमांक छापलेत. चटणीचं नाव आधी, कारण आपण म्हणतोच ‘चटणी-भाकरी’. पुढे कधी वेगळे झालो तर या डब्याचं नाव कोणीही एकट्याने वापरायचं नाही, असं लिहून ठेवलंय. स्टेटसला फोटो टाकलात तर कृपया दोन्ही नावं लिहा. नुसत्या चटणीचं कौतुक असेल तर मात्र ते चटणीघराचंच, भाकरीचं असेल तर भाकरीघराचं.

डबा आडवाच ठेवा. उभा ठेवून एसटीत दिला तर भाकऱ्या कडेवर आपटून तुटतात. दोनपर्यंत तुटणं धरून चाला. त्याहून जास्त तुटल्या तर फोटो पाठवा, भाकरीघर बदलून देईल. चटणीची तक्रार चटणीघराकडे. कोणाला सांगावं कळत नसेल तर दोघांपैकी कोणालाही सांगा, पुढचं आमच्यात बघू.

टिकण्याची मुदत 21 दिवस. चटणी त्याहून जास्त टिकते, पण डब्यावर भाकरीची कमी असलेली तारीखच छापलीय. चटणीला ओला चमचा लावू नका, भाकरी फ्रिजमध्ये ठेवू नका. भाकरी मऊ पडली तर तेल न लावता मंद तव्यावर दोन मिनिटं ठेवा आणि पूर्ण गार होऊ द्या. कडकपणा गार झाल्यावर येतो, तव्यावर नाही.

शेंगदाण्याची अॅलर्जी असणाऱ्यांनी हा डबा घेऊ नये. चटणी सीलबंद असली तरी दोन्ही एकाच टेबलावर भरतो.

पहिल्या खेपेला 60 डबे आहेत. मागणी शुक्रवारी संध्याकाळपर्यंत दोघांपैकी कोणाच्याही नेहमीच्या व्हॉट्सअॅप नंबरवर नोंदवा, नोंद एकाच वहीत होते. डबे भाकरीघरातून घ्यायचे, रविवारी सकाळी 9 ते 1. भाकरी जितकी कमी हलेल तितकी बरी, म्हणून भरणं तिथेच ठेवलंय.

– भाकरीघर, जोडभावी पेठ आणि चटणीघर, साखर पेठ, सोलापूर