सभामंडपाच्या छतासाठी भाविकांना विनंती

॥ राम कृष्ण हरी ॥

गुढीपाडवा

सप्रेम नमस्कार,

गेल्या श्रावणात हरिपाठ चालू असताना विणेकऱ्याच्या डोक्यावर छत्री धरावी लागली, हे आपण पाहिलंच आहे. मृदंगही भिजला. सभामंडपाचे पत्रे गंजलेत, आणि आता डांबर लावून भागणार नाही.

मंडप ४० बाय २५ फुटांचा. उतार धरून ११०० चौरस फूट रंगीत पत्रा, ६० रुपये दराने ६६,००० रुपये. सडलेले अँगल बदलायला ४८,०००, पन्हाळ व नटबोल्टला १६,०००, मजुरी ३०,०००. एकूण १,६०,००० रुपये. दानपेटीतले ४५,००० हाती आहेत, १,१५,००० कमी पडतात.

यंदा कापसाने कुणाचंच भलं केलं नाही, याची जाणीव आहे. म्हणून घरटी वर्गणी ठरवलेली नाही. जमेल ते द्यावं. पैसे नसतील तर जुने पत्रे उतरवायला दोन दिवस या, तेवढी मजुरी वाचेल.

रक्कम पुजाऱ्यांकडे द्यावी, पावती अवश्य घ्यावी. जमाखर्च दर एकादशीला मंदिराच्या फळ्यावर लागेल. मृगाआधी काम उरकायचं आहे.

आपले नम्र,
विश्वस्त मंडळ, विठ्ठल-रुक्मिणी मंदिर