फ्लॅटचं नक्की करण्याआधी : शाळा, बस आणि रात्रीच्या वाटेबद्दल

नमस्कार काका,

रविवारी तुमचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट बघून गेलो, ती मी. घर आम्हा सगळ्यांना आवडलं. उजेड भरपूर आहे, आणि सासूबाईंना पहिल्यांदाच एखादी बाल्कनी मनापासून आवडली. भाडं आणि डिपॉझिट तुम्ही सांगितलंत ते आम्हाला जमण्यासारखं आहे. पण हो म्हणण्याआधी घराबाहेरच्या काही गोष्टी विचारायच्या आहेत. तुम्ही त्या इमारतीत इतकी वर्षं राहिलात, तुमच्याइतकं नीट दुसरं कोण सांगणार?

आधी शाळेचं. मुलगी चौथीत आहे, धाकटा साडेचार वर्षांचा. दोघांना एकाच शाळेत घालायचं आहे, कारण सोडणं-आणणं सासूबाईंकडे असेल आणि त्यांचे गुडघे दुखतात. चालत पोचता येईल अशी शाळा कोणती? मोठा रस्ता ओलांडावा लागतो का, आणि लागत असेल तर तिथे सिग्नल किंवा शाळा सुटायच्या वेळी कोणी उभं असतं का? अंतर थोडं जास्त असलं तरी चालेल, पण वाटेत फुटपाथ हवा. मोठ्या माणसाची दहा मिनिटांची वाट धाकट्याबरोबर वीस मिनिटांची होते. शाळेची बस येत असेल तर ती गेटपाशी थांबते की कोपऱ्यावर, तेही सांगा. चौथीत वर्षाच्या मध्ये प्रवेश मिळतो का, ते मी शाळेतच जाऊन विचारेन. फक्त इमारतीतली मुलं कुठे जातात तेवढं कळलं तर सुरुवात करता येईल.

यजमानांचं काम दिवसाचं आहे, त्यांना सकाळी स्टेशनला जाणारी बस मिळाली की झालं.

प्रश्न माझ्या परतीचा आहे. मी हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. महिन्यातले साधारण दहा दिवस दुपारपाळी असते, ती रात्री दहाला संपते. पुढच्या माणसाला पेशंटची माहिती देऊन निघेपर्यंत सव्वादहा होतात, म्हणजे तुमच्या थांब्यावर उतरायला अकरा वाजणार. शेवटची बस किती वाजता असते? रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी ती लवकर बंद होते का? वेळापत्रक मी पाहिलं आहे, पण त्यात छापलेली शेवटची गाडी रोज खरंच येते का, हे तिथे राहणाऱ्यालाच माहीत. ती चुकली तर रिक्षावाले आतल्या गल्लीपर्यंत यायला तयार होतात की मुख्य रस्त्यावरच सोडतात?

हे इतकं खोदून विचारते त्याला कारण आहे. आधीच्या घराच्या वेळी आम्हाला 'थांबा पाच मिनिटांवर' असं सांगितलं होतं. ती पाच मिनिटं गाडीने होती. चालत अठरा मिनिटं लागायची, आणि त्यातला बराचसा भाग एका बंद गोदामाच्या भिंतीलगत. दोन वर्षं मी ती वाट किल्ल्या मुठीत धरून चालले. घर चांगलं होतं, तरी सोडलं.

तुमच्याकडे थांब्यापासून गेटपर्यंतचे दिवे रोज लागतात का? मधल्या रिकाम्या प्लॉटपाशी रविवारी मला दोन खांब दिसले, पण आम्ही दिवसा आलो होतो, त्यामुळे दिव्यांचं कळलं नाही. अकराच्या सुमारास त्या रस्त्यावर एखादं दुकान किंवा मेडिकल उघडं असतं का? माणसांची ये-जा असली की निम्मी भीती तिथेच जाते. गेट किती वाजता बंद होतं, आणि रात्रीचा वॉचमन असतो की भाडेकरूकडे किल्ली देता? वीज गेली तर जिन्यातला दिवा बॅकअपवर चालतो का? शेजारी रात्रपाळीवाल्या कोणी बाई असतील आणि त्यांची हरकत नसेल, तर त्यांच्याशी दोन मिनिटं बोलायला मिळालं तर फार बरं होईल.

एखाद्या गोष्टीचं उत्तर 'नाही' असलं तरी मोकळेपणाने सांगा. दिवा बंद असेल तर आपण मिळून तक्रार करू, बस लवकर बंद होत असेल तर मी पाळीची अदलाबदल मागू शकते. आधी कळलं तर सोय करता येते. सामान लावून झाल्यावर कळलं, तर मुलांची शाळा पुन्हा बदलावी लागेल, आणि ते मला अजिबात नको आहे.

गुरुवारी माझी दुपारपाळी आहे. त्या रात्री मी बसने थेट तुमच्या थांब्यावर उतरून गेटपर्यंत चालून बघणार आहे. यजमान गेटपाशी थांबतील. तुम्हाला उठवणार नाही, फक्त वॉचमन असेल तर त्याला तेवढं सांगून ठेवाल का, म्हणजे त्यांना कोणी हटकणार नाही. शुक्रवारी संध्याकाळी सहानंतर फोन करून आमचं काय ठरलं ते कळवते. तोवर दुसऱ्या कोणाला शब्द द्यायची वेळ आलीच, तर आधी मला एक फोन करा, एवढी विनंती.

काकूंना नमस्कार सांगा.

आपली,
रविवारी सासूबाई आणि दोन मुलांसह आलेली नर्स