समीक्षण अहवाल : ‘सत्तेच्या वाटेवर मवाळ? ट्युनिशिया आणि तुर्कस्तानमधील धार्मिक पक्ष’

शिफारस : मोठ्या दुरुस्त्यांनंतर फेरविचार.

लेखकांसाठी

लेखाचा दावा मला समजला तो असा : धार्मिक पक्षाला निवडणूक लढवायची मोकळीक मिळाली, की त्याला हक्काच्या मतदारांपलीकडे हात पसरावा लागतो आणि त्या ओढीत त्याची भूमिका मवाळ होते. आधार आहे ट्युनिशियातील एन्नहदा आणि तुर्कस्तानातील एकेपी या दोन पक्षांच्या जाहीरनाम्यांचा आणि नेत्यांच्या २४ भाषणांचा. मला तुर्की वाचता येत नाही, त्यामुळे तुर्कस्तानच्या भागावरचे माझे मत त्या मर्यादेतच घ्यावे.

ट्युनिशियाच्या संविधान सभेवरचा विभाग उत्तम आहे. स्त्री पुरुषाला ‘पूरक’ आहे, असे म्हणणाऱ्या २०१२ च्या मसुद्यातील कलमावर पक्षातच कशी ओढाताण झाली, हे लेखकांनी बारकाईने दाखवले आहे. दुरुस्तीत या विभागाला कात्री लावू नये.

मुख्य अडचण ‘मवाळ’ या शब्दाची आहे. पान ६ वर त्याचा अर्थ आहे निवडणुकीचा निकाल मानणे आणि आघाडी करणे, म्हणजे वर्तन. पान १९ वर तोच शब्द शरीयतबद्दलच्या मतांसाठी येतो, म्हणजे विचार. एक बदलले की दुसरे बदलतेच असे नाही. जिलियन श्वेडलर यांच्या २००६ च्या अभ्यासात जॉर्डन आणि येमेनमधले दोन्ही पक्ष राजकारणात सामील झालेले होते, पण विचारातला बदल मात्र जॉर्डनमधल्या पक्षातच आढळला. हा निष्कर्ष लेखाच्या दाव्याला थेट छेद देतो, तरी त्याला टीपेत एका ओळीत वाटेला लावले आहे. त्याला मजकुरात उत्तर हवे. शिवाय मराठी वाचकाच्या कानात ‘मवाळ’ म्हटले की ‘जहाल’ आपोआप वाजतो. तो प्रतिध्वनी लेखकांना हवा आहे का? नसेल तर ‘संयत’ चालेल.

दुसरा प्रश्न कारणाचा. जानेवारी २०१४ मध्ये एन्नहदाने सरकार सोडले, याला लेखक मतांच्या ओढीचा पुरावा मानतात. पण त्याआधी जुलै २०१३ मध्ये शेजारच्या इजिप्तमध्ये लष्कराने निवडून आलेले, धार्मिक पक्षाचे राष्ट्राध्यक्ष मोर्सी यांना हटवले होते. मतांची ओढ की तशाच गतीची भीती, हे या एका घटनेवरून सांगता येत नाही. मात्र मार्च २०१२ मध्येच पक्षाने संविधानात शरीयतचा उल्लेख न आणण्याचे जाहीर केले होते. इजिप्तमधल्या सत्तापालटाच्या सव्वा वर्ष आधीचा हा निर्णय लेखकांच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा आहे, आणि तो पान १४ वर ओझरता येतो. त्याला पुढे आणावे.

तुर्कस्तानात हेच कोडे उलट बाजूने येते. एकेपीचे नेते आधी ज्यात होते त्या रेफाह पक्षावर जानेवारी १९९८ मध्ये न्यायालयाने बंदी घातली आणि एकेपी स्थापन झाला २००१ मध्ये. म्हणजे बदल मोकळीक मिळाल्यावर नव्हे, दार बंद झाल्यावर आला, असेही म्हणता येईल. लेखकांना हे मान्य नसेल तर का, ते लिहावे. अभ्यास २००७ ला का थांबतो, हेही सांगावे. २०२० मध्ये इस्तंबूलच्या आयासोफिया संग्रहालयाची पुन्हा मशीद झाली, हे ज्याला आठवते तो वाचक हा प्रश्न विचारणारच.

तिसरा देश जोडा, असे मी म्हणणार नाही. ती मागणी समीक्षकाला एका ओळीत करता येते आणि लेखकाचे वर्ष खाते.

भाषणांची वर्गवारी एकाच व्यक्तीने केली आहे. दुसऱ्या कुणाकडून सहा-सात भाषणे स्वतंत्रपणे तपासून घ्यावीत आणि दोघांचे किती जुळले ते तक्ता २ खाली द्यावे.

भाषेचा तोल दोन्हीकडे जातो. पान ११ वर ‘प्रतिगामी जमाव’ आहे, तर पान २२ वर ‘खऱ्या इस्लामचा’ हवाला. खरा इस्लाम कोणता, हे ठरवणे या लेखाचे काम नाही. पान १७ वर २००२ मध्ये ‘बहुसंख्य मतदारांनी’ एकेपीला निवडल्याचे म्हटले आहे. मते साधारण ३४ टक्केच होती. संसदेत येण्यासाठी किमान १० टक्के मतांच्या अटीमुळे बहुतेक पक्ष संसदेबाहेर राहिले, म्हणून ५५० पैकी ३६३ जागा मिळाल्या. मतांच्या गणितावर उभ्या असलेल्या लेखात ही चूक राहता कामा नये.

फक्त संपादकांसाठी

लेखाचा निष्कर्ष माझ्या स्वतःच्या मताविरुद्ध जातो. मी दडपशाहीच्या भीतीला अधिक वजन देतो. त्यामुळे कारणाबद्दलचे माझे आक्षेप दुसऱ्या समीक्षकाच्या अहवालाशी ताडून पाहावेत. वर्गवारी आणि व्याख्येबद्दलचे आक्षेप मात्र मत कुठलेही असले तरी टिकतील. दुरुस्त लेख पुन्हा वाचायला मी तयार आहे.